उधारीचं पहिलं पत्र: सही त्याची हवी

इंदूरला राजवाड्यामागे काकांचं किराणा दुकान. एका खानावळवाल्याला बारा वर्षं वहीवर माल दिला, पण कागद कधी केला नाही. 46,300 रुपये थकल्यावर जून 2025 मध्ये काका पत्र लिहायला बसले.

पहिलं वाक्य उतरलं, "भिया, सवडीनं द्या." ते मी खोडायला लावलं, कारण सवड दिली की तगादा कसला! मग बिलांच्या तारखा, रकमा, एकूण बाकी आणि पंधरा दिवसांची मुदत लिहिली.

खरी गोम वेगळीच होती. उधारीची मुदत ठरलेली नसेल, तर कोर्टात दावा लावायची तीन वर्षं माल दिल्यापासून मोजतात. थकलेलं सर्वांत जुनं बिल ऑगस्ट 2022 चं. काकांना वाटलं, पत्र टाकलं की दाव्याची मुदत वाढेल. तसं होत नाही. तीन वर्षं संपण्याआधी देणेकऱ्यानं बाकी लेखी मान्य करून सही केली, तर त्या दिवसापासून नवी तीन वर्षं मिळतात.

म्हणून पत्राखाली ओळ जोडली: "वरील 46,300 रुपये बाकी मला मान्य आहे," पुढे सही-तारखेची जागा. एक प्रत रजिस्टर पोस्टानं गेली, दुसरी काका स्वतः घेऊन गेले. तो ओशाळला, पण सही केली.