लॉयल्टी पॉइंटचा हिशेब: या चुका टाळा

कपड्यांची दुकानं असोत, औषधांच्या साखळ्या असोत की किराण्याचे मॉल, लॉयल्टी पॉइंटची फाइल उघडली की मला त्याच त्या चुका दिसतात. विक्री केव्हा आणि किती दाखवायची हे सांगणारं इंड एएस ११५ हे हिशेबाचं मानक १ एप्रिल २०१८ पासून लागू आहे. तरीही वर्षअखेरीला कुणीतरी घाईघाईने शिल्लक पॉइंटना एक रुपयाने गुणतो, एक एंट्री टाकतो आणि 'झालं' म्हणून मोकळा होतो. ते झालेलं नसतं, आणि पुढच्या वर्षी निस्तरायला दुप्पट वेळ लागतो.

आधी मूळ गोष्ट. ग्राहक काउंटरवर जे पैसे देतो, त्यात तो दोन गोष्टी विकत घेतो: आज हातात पडणारा माल आणि पुढच्या खरेदीवर सवलत मिळवण्याचा हक्क. माल दिला, हक्क अजून द्यायचा आहे. म्हणून विक्रीतला काही भाग बाजूला काढून कॉन्ट्रॅक्ट लायबिलिटीत ठेवायचा आणि पॉइंट वापरले जातील तसा विक्रीत आणायचा. 'मार्केटिंग खर्च डेबिट, तरतूद क्रेडिट' ही एंट्री इथे चालत नाही. ज्यांना इंड एएस लागू नाही अशा लहान कंपन्या जुन्या मानकांखाली तशी तरतूद करतात. तिथली एंट्री उचलून इंड एएसच्या ताळेबंदात चिकटवली, तर या वर्षीची विक्री फुगते आणि खर्चही फुगतो.

एक उदाहरण धरून चालू

एका दुकानाची वर्षाची विक्री जीएसटी वगळून ४०,००,००० रुपये. दर १०० रुपयांवर ५ पॉइंट, म्हणजे एकूण २,००,००० पॉइंट दिले. एका पॉइंटला पुढच्या बिलात १ रुपया सूट. अनुभव सांगतो की यातले ८० टक्के, म्हणजे १,६०,००० पॉइंट वापरले जातील. म्हणून पॉइंटची एकूण स्वतंत्र किंमत १,६०,००० रुपये.

आता ४० लाखांतून १,६०,००० सरळ वजा करायचे नाहीत. मालाची स्वतंत्र किंमत ४०,००,००० आणि पॉइंटची १,६०,०००, मिळून ४१,६०,०००. हातात आलेत मात्र ४०,००,०००. ते याच प्रमाणात वाटायचे. मालाच्या वाट्याला ३८,४६,१५४ येतात आणि पॉइंटच्या वाट्याला १,५३,८४६. सरळ वजाबाकीत ६,१५४ रुपयांचा फरक पडतो. छोट्या दुकानात तो नगण्य वाटेल, पण शेकडो कोटींच्या विक्रीवर हाच फरक ऑडिटरच्या यादीत पहिल्या पानावर येतो. आणि हो, एमआरपीतला जीएसटी न काढता वाटणी करू नका. तो कर तुमची विक्री नव्हेच.

सगळ्यात महागात पडणारी चूक: वापराची टक्केवारी

वरचे ८० टक्के आले कुठून? इथेच बहुतेक जण शॉर्टकट घेतात. या वर्षी वापरलेले पॉइंट भागिले या वर्षी दिलेले पॉइंट, आला दर. हे गणित दिसायला सोपं आहे आणि वाढत्या धंद्यात हमखास चुकतं.

कपड्यांच्या एका साखळीत हे जवळून पाहिलं. त्या वर्षी त्यांची दुकानं जवळपास दुप्पट झाली होती. आदल्या वर्षी १० लाख पॉइंट दिले होते, या वर्षी २२ लाख. वापरले गेले ९.९ लाख. अकाउंट्सच्या माणसाने ९.९ ला २२ ने भागलं, ४५ टक्के काढले आणि त्यावरच लायबिलिटी बसवली. विचारलं तर म्हणाला, "सर, दर वर्षी हाच फॉर्म्युला आहे, एक्सेल तयारच असते." पण वापरलेल्या पॉइंटपैकी बरेचसे आदल्या वर्षी दिलेले होते, आणि या वर्षीच्या २२ लाखांतले मोठे गठ्ठे दिवाळीनंतर उघडलेल्या दुकानांतून गेलेले. त्या ग्राहकांची दुसरी खरेदी अजून व्हायचीच होती. अंश एका वर्षाचा आणि छेद दुसऱ्याच वर्षाचा, असा तो भागाकार होता.

मी बिलिंग सॉफ्टवेअरमधून पॉइंटचा कच्चा डेटा मागवला आणि तो ज्या महिन्यात पॉइंट दिले त्या महिन्यानुसार लावला. पॉइंटची मुदत २४ महिन्यांची होती. ज्या महिन्यांची मुदत पूर्ण संपली होती, त्यांत वापर ८० टक्क्यांच्या आसपास दिसला. ४५ कुठे आणि ८० कुठे! आपल्या उदाहरणात ४५ टक्के धरले तर पॉइंटच्या वाट्याला १,५३,८४६ ऐवजी फक्त ८८,०२० येतात. म्हणजे ६५,८२६ रुपयांची विक्री वेळेआधीच नफ्यात गेली.

पुढचा त्रास याहून मोठा. पुढच्या वर्षी अंदाज बदलला, तरी मूळ वाटणी पुन्हा करायची नसते. ८८,०२० हा आकडा तसाच राहतो. आणि बरोबर माहिती हाताशी असूनही चुकीचा भागाकार केला असेल, तर त्याला अंदाजातला बदल म्हणता येत नाही. ती मागच्या काळातली चूक ठरते आणि रक्कम लक्षणीय असेल तर इंड एएस ८ प्रमाणे जुने आकडे दुरुस्त करून दाखवावे लागतात. त्या साखळीला तेच करावं लागलं, संचालक मंडळासमोर उभं राहून.

माझी सवय सांगतो. दर महिन्याचा एक गट, त्यापुढे पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या महिन्यात एकूण किती टक्के वापरले गेले याचे रकाने. नव्या गटाची तुलना नेहमी जुन्या गटाच्या त्याच वयाशी करायची. जुन्या गटांनी सहाव्या महिन्यापर्यंत ३५ टक्के वापरून शेवटी ८० गाठले असतील आणि नवा गट सहाव्या महिन्यालाच ४० वर असेल, तर त्याला ८० धरून बसू नये. योजना नवीकोरी असेल आणि इतिहासच नसेल, तर मी १०० टक्के वापर धरतो. 'उद्योगात साधारण इतके वापरतात' असं मार्केटिंगच्या सादरीकरणातलं वाक्य मला पुरावा म्हणून चालत नाही. न वापरल्या जाणाऱ्या पॉइंटची रक्कम आधीच विक्रीत धरायची, तर ती पुढे उलटवावी लागणार नाही याची भक्कम खात्री हवी, आणि ती आपल्याच ग्राहकांच्या डेटातून यायला हवी.

पॉइंट वापरले गेले की एक रुपयाने डेबिट

ही दुसरी चूक सॉफ्टवेअर बसवतानाच पेरली जाते. ग्राहकाने १,००० रुपयांच्या बिलात २०० पॉइंट वापरले. सॉफ्टवेअर विक्री १,००० क्रेडिट करतं, रोख ८०० आणि कॉन्ट्रॅक्ट लायबिलिटी २०० डेबिट. पण लायबिलिटीत एका पॉइंटमागे १ रुपया कधी बसवलाच नव्हता. आपल्या उदाहरणात १,५३,८४६ भागिले अपेक्षित १,६०,००० पॉइंट, म्हणजे सुमारे ९६ पैसे. २०० पॉइंटचे १९२ रुपये सुटायला हवेत. आजच्या बिलाचे ८०० वेगळे. एका रुपयाने डेबिट करत राहिलात, तर अपेक्षित पॉइंट संपता संपता लायबिलिटीचं खातं ६,१५४ रुपयांनी डेबिट शिल्लक दाखवतं. देण्याच्या खात्याला डेबिट शिल्लक दिसली की बिलिंगच्या सेटिंगमध्येच गडबड आहे असं समजा.

उलट टोकाचे लोक १,५३,८४६ ला दिलेल्या सगळ्या २,००,००० पॉइंटनी भागतात. मग पॉइंटमागे ७७ पैसेच सुटतात आणि शेवटी ३०,७६९ रुपये खात्यात अडकून राहतात. मुदत संपली की तेवढी रक्कम एकदम विक्रीत आणतात आणि त्या तिमाहीचा नफा विनाकारण उडी मारतो. न वापरले जाणारे पॉइंट अंदाजात आधीच धरलेले असतात. त्यांची रक्कम बाकीच्यांबरोबरच हळूहळू सुटली पाहिजे.

म्हणून मी बिलागणिक एंट्रीवर भरवसा ठेवत नाही. महिनाअखेरीला प्रत्येक गटासाठी आजवरचा एकूण आकडा काढायचा आणि आधी दाखवलेली रक्कम वजा करायची. एक्सेलमध्ये एवढंच:

```
=ROUND(D2*MIN(F2/G2,1),0)-H2
```

D2 म्हणजे पॉइंटच्या वाट्याची रक्कम, F2 आजवर वापरलेले पॉइंट, G2 एकूण अपेक्षित पॉइंट आणि H2 आधी विक्रीत दाखवलेली रक्कम.

पहिल्या वर्षी ६०,००० पॉइंट वापरले गेले: ६०,००० भागिले १,६०,०००, गुणिले १,५३,८४६, म्हणजे ५७,६९२. दुसऱ्या वर्षी आणखी ६६,००० वापरले गेले आणि डेटा पाहून अपेक्षित आकडा १,८०,००० वर न्यावा लागला. आजवरचे १,२६,००० भागिले १,८०,००० म्हणजे ७० टक्के, रक्कम १,०७,६९२. त्यातून ५७,६९२ गेले, या वर्षीची विक्री ५०,०००. जुन्याच ९६ पैशांनी ६६,००० गुणले असते तर ६३,४६२ आले असते, म्हणजे १३,४६२ जास्त. अंदाज बदलला की मागचा फरकही याच वर्षी धुऊन निघतो; जुना दर पुढे रेटणाऱ्यांच्या हे लक्षातच येत नाही.

बाकीच्या, थोडक्यात

ॲप डाउनलोड केल्याबद्दल किंवा वाढदिवसाला फुकट दिलेले पॉइंट या गटांत मिसळू नका. त्यांच्यामागे विक्रीच नाही, तर पुढे ढकलायचं काय? ते वापरले जातील तेव्हा त्या बिलाची किंमत कमी होते, इतकंच. सॉफ्टवेअरमध्ये त्यांना पहिल्या दिवसापासून वेगळा कोड द्या, नंतर वेगळे काढणं जवळपास अशक्य असतं.

पॉइंट दुसऱ्या कंपनीकडे वापरता येत असतील, तर तिथे तुम्ही मुख्य विक्रेते आहात की मध्यस्थ हे आधी ठरवा. मध्यस्थ असाल तर विक्रीत फक्त तुमचं कमिशन येतं.

मार्केटिंगने सणासुदीला पॉइंटची मुदत वाढवली की अकाउंट्सला त्याच दिवशी कळलं पाहिजे. मुदत वाढली की जास्त पॉइंट वापरले जातात, आणि G2 चा आकडा जुनाच राहिला तर त्या महिन्याची विक्री जास्त दिसते.

वर्षअखेरीला मी एक ताळा करतोच. अजून वापरले जातील असे पॉइंट गुणिले आजचा दर, आणि खात्यातली शिल्लक. वरच्या उदाहरणात १,८०,००० उणे १,२६,००० म्हणजे ५४,००० पॉइंट, दर १,५३,८४६ भागिले १,८०,०००, सुमारे ८५ पैसे, गुणाकार ४६,१५४. खात्यातही १,५३,८४६ उणे १,०७,६९२ म्हणजे ४६,१५४ दिसले पाहिजेत. हा ताळा गटागटाने घ्या. एकत्रित बेरजेवर घेतला, तर एका गटातली जास्तीची रक्कम दुसऱ्याची तूट झाकते आणि सगळं जुळल्यासारखं दिसतं.