मोज्याची टाच रफू करताना या चुका टाळा

लेक जर्मनीत शिकते. तिच्यासाठी विणलेले लोकरीचे मोजे दोन हिवाळे वापरून परत आले, तेव्हा दोन्ही टाचा विरल्या होत्या आणि डाव्या टाचेला मधोमध भोक पडलं होतं, जेमतेम तीन टाके रुंद आणि चार ओळी उंच. मी तेवढंच भोक रफू केलं. महिनाभरात लेकीचा फोन आला, "आई, तुझं रफू जसंच्या तसं आहे, पण बाजूने फाटलंय."

सर्वांत जास्त होणारी चूक हीच. भोक दिसतं, भोवतालचं विरलेलं विणकाम दिसत नाही. नवा धागा त्या नाजूक टाक्यांना धरून राहतो आणि चालताना पडलेला ताण त्यांनाच तोडतो. म्हणून आधी मोजा धुऊन वाळवा, आत मूठ घाला आणि खिडकीच्या उजेडासमोर धरा. मोज्यांची लोकर बहुधा ७५ टक्के लोकर आणि २५ टक्के नायलॉन अशी असते. लोकर झिजून जाते, नायलॉनची बारीक जाळी तेवढी उरते, आणि उजेडात ती गाळणीसारखी दिसते. जाळी संपून दाट विणकाम लागेपर्यंतचा सगळा भाग दुरुस्तीचा. आमच्या मोज्यात तो चौदा टाके रुंद आणि सोळा ओळी उंच निघाला. त्याच्या चारही बाजूंना आणखी दोन-दोन टाके धरायचे. म्हणजे काम अठरा टाके आणि वीस ओळींचं झालं.

जिथे जाळी शाबूत आहे तिथे रफू नको, डुप्लिकेट स्टिच हवा. म्हणजे जुन्या टाक्याच्या वाटेनेच नवा धागा फिरवायचा. सुलट बाजूने प्रत्येक टाका इंग्रजी व्हीसारखा दिसतो. बोथट टोकाच्या सुईत हातभर धागा घ्या. व्हीच्या खालच्या टोकातून सुई वर काढा, वरच्या ओळीतल्या टाक्याच्या दोन्ही पायांखालून उजवीकडून डावीकडे न्या आणि निघालात त्याच भोकात परत घाला. एक टाका झाला. ओळ उजवीकडून डावीकडे भरा. पुढची ओळ डावीकडून उजवीकडे येते, तेव्हा वरच्या टाक्याखालून सुईही तशीच उलट दिशेने जाते.

इथे दोन ठिकाणी हात चुकतो. सुई दोन पायांऐवजी एकाच पायाखालून गेली की टाका तिरका बसतो आणि पुढची सगळी ओळ सरकते. पाच-सहा टाक्यांनंतर थांबून बघा: जुना व्ही नव्या धाग्याखाली पूर्ण झाकला गेला नसेल, तर तिथवर उसवा. दुसरं म्हणजे धागा ओढणं. ओढला की टाच आक्रसते. आत जुना बल्ब किंवा छोटी गोल वाटी घालून काम केलं तर विणकाम पायात असतं तेवढंच ताणलेलं राहतं.

हे भोकाच्या कडेपर्यंत करत या. कडेचे टाके आता दुहेरी झाले, रफूला धरायला जागा मिळाली. भोक मात्र कडा एकत्र ओढून शिवू नका. तिथे चुण्या पडतात आणि बुटात तो उंचवटा टाचेला फोड आणतो. कडेचे सुटे धागे कापूही नका, मोकळे टाके आणखी सुटत जातात.

आधी उभे धागे घाला, भोकाच्या दोन टाके अलीकडून सुरू करून दोन टाके पलीकडे न्या, अगदी जवळजवळ. मग आडवा धागा एकाच्या वरून, दुसऱ्याच्या खालून, आणि परतताना त्याच्या उलट. प्रत्येक वळणावर धागा पूर्ण ओढून न घेता दोनेक मिलिमीटरचा सैल फास ठेवा. नवी लोकर धुतल्यावर आटते, तेव्हा हा फास कामी येतो. नाहीतर पहिल्याच धुण्यात रफू कडांना ओढायला लागतं.

गाठ कुठेही मारू नका. टाचेखाली ती खड्यासारखी टोचते. सुरुवातीला आणि शेवटी बोटभर धागा सोडा आणि काम झाल्यावर उलट बाजूने चांगल्या टाक्यांतून फिरवून घ्या. धागा मूळ लोकरीच्याच जाडीचा हवा. घरातली जाड स्वेटरची लोकर वापरायचा मोह होतो, पण डुप्लिकेट स्टिचमुळे जाडी आधीच दुप्पट झालेली असते.

मोजा पायात चढवून टाच ताणून बघा. रफू विणकामासारखं ताणलं जात नाही, त्यामुळे छोट्या भोकालाच ते शोभतं. भोक तीनेक सेंटिमीटरच्या पुढे गेलं असेल तर माझा हात तरी रफूकडे जात नाही. मी टाच उसवते, टाके सुईवर घेते आणि नवी टाच विणते.