किशोरवयीन मुलांना नशेबद्दल विचारताना या चुका टाळा

ग्रामीण रुग्णालयातल्या मैत्री क्लिनिकमध्ये, म्हणजे किशोरवयीन मुलांच्या सल्ला केंद्रात, मी समुपदेशक आहे. नवीन आलेले समुपदेशक फॉर्म समोर धरतात, मान वर न करता विचारतात, "तंबाखू? दारू? ड्रग्ज?" आणि तीन वेळा 'नाही' लिहून पुढच्या मुलाला बोलावतात. दोन मिनिटांत काम झालं असं त्यांना वाटतं. मला याचा मनापासून राग येतो, कारण पोरगं खोटं बोललेलं नसतं, आपला प्रश्नच चुकलेला असतो.

'तंबाखू खातेस का' एवढंच विचारणं

ही चूक मीही केलीय. नववीतली एक मुलगी आईबरोबर आली होती, दुपारी डोकं दुखतं, शाळेत चिडचिड होते म्हणून. मी विचारलं, तंबाखू खातेस का? नाही. गुटखा? नाही. मी 'नाही' लिहून मोकळी झाले. महिन्याने ती परत आली, तेव्हा सहज विचारलं, "दात कशाने घासतेस गं?" तर म्हणाली, "मशेरीने, आजी भाजते ना घरी." दिवसातून किती वेळा? चार वेळा. शाळेच्या दिवशी दुपारची राहते आणि नेमकं तेव्हाच डोकं चढतं. मशेरी म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखूच, निकोटिन हिरडीतून रक्तात जातं, आणि वेळेवर मिळालं नाही की डोकं, चिडचिड सुरू. पण त्या घरात ती तंबाखू नव्हतीच, दात घासायची पूड होती.

तेव्हापासून मी एकेक नाव घेऊनच विचारते. मशेरी, मावा, खर्रा, गुटखा, तपकीर, सिगारेट, व्हेप. मग बिअर, ताडी, देशी. मग गांजा, खोकल्याचं औषध, व्हाइटनर किंवा पंक्चरचं सोल्यूशन हुंगणं. तुमच्या भागात जे म्हणतात तोच शब्द वापरा. आणि "घेतोस का" असं नाही, "गेल्या बारा महिन्यांत किती दिवस?" असं विचारा. आकडा सांगताना पोरांना कबुली दिल्यासारखं वाटत नाही, एखाददुसरा दिवस असला तरी सांगतात.

आईवडिलांसमोर विचारणं

आई शेजारी बसलेली असताना कुठलं पोरगं सांगेल? मी सगळ्यांनाच सांगते की इथे प्रत्येक मुलाशी दहा मिनिटं एकट्याशी बोलायची पद्धत आहे, म्हणजे कुणावर संशय घेतल्यासारखं होत नाही. मग मुलाला आधीच स्पष्ट सांगते की तू बोलशील ते माझ्याजवळ राहील, फक्त तुझ्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका दिसला तर मला मोठ्यांना सांगावं लागेल, आणि तेही तुला सांगूनच. ही अट नंतर सांगाल तर पोरगं पुन्हा तोंड उघडणार नाही.

'नाही' आलं की थांबणं

क्राफ्ट नावाची सहा प्रश्नांची चाचणी आहे, दारू आणि इतर नशेसाठी. सगळ्याला 'शून्य दिवस' आलं तरी तिचा पहिला प्रश्न विचारायचाच: दारू प्यायलेल्या कुणाच्या गाडीवर बसलायस का? न पिणारी पोरंही काकाच्या, मित्राच्या बाइकवर मागे बसलेली असतात. बाकीचे पाच प्रश्न दिवस शून्य नसतील तेव्हाच. दोन किंवा जास्त 'हो' आले तर डॉक्टरकडे सविस्तर तपासणीला पाठवा, 'व्यसनी' असा शिक्का मारू नका.

कॅन्सरचे फोटो दाखवणं

नका दाखवू. चौदाव्या वर्षी पन्नाशीतला कॅन्सर खूप लांबचा वाटतो.

चोरून लघवी तपासणं

पालक मागणी करतात. मी नाही म्हणते. विश्वास एकदा गेला की संपलं.

लगेच उपदेश सुरू करणं

त्या मुलीला मी आधी विचारलं, "याबद्दल थोडं बोलू का?" ती हो म्हणाल्यावर विचारलं, मशेरीमुळे तुला बरं काय वाटतं? "पोट साफ होतं, डोकं हलकं होतं." आणि नकोसं काय? बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "कबड्डीच्या कॅम्पला जायचंय, तिथे सगळ्यांसमोर कशी लावू?" हे कारण मला कधीच सुचलं नसतं. मग मी तेच धरून डोकेदुखी कशाने होते ते तिला दोन वाक्यांत सांगितलं आणि विचारलं, कुठली वेळ सोडणं सगळ्यात सोपं? ती म्हणाली, संध्याकाळची. ठीक, संध्याकाळची. पहिले काही दिवस चिडचिड वाढेल हे आधीच सांगितलं, नाहीतर पोरं तिसऱ्या दिवशी हार मानतात. तंबाखू सोडायचा मोफत नंबर 1800-11-2356 तिच्या वहीत लिहून दिला.

घाईवाल्यांना ही एक वेळ फार किरकोळ वाटते, त्यांना त्याच दिवशी "सगळं सोडेन" असं वचन हवं असतं. तसलं वचन देऊन गेलेली बरीच पोरं तोंड दाखवायला परत येत नाहीत.

पुढची तारीख न देणं

"काही वाटलं तर ये" म्हणू नका, वार सांगा. मी पंधरा दिवसांनंतरचा बाजारचा दिवस दिला, त्या दिवशी आई तालुक्याला येतेच. ती आली तेव्हा संध्याकाळची आणि रात्रीची सुटली होती, सकाळची चालू होती, कारण आजी उठल्या उठल्या डबी पुढे करायची. मग पुढच्या वेळी आजीला बोलावलं, अर्थात मुलीला विचारूनच.