‘नुकसानभरपाईची हमी’ : इंडेम्निटी आणि गॅरंटी यांच्या अनुवादात या चुका टाळा

व्यापारी करारांच्या मराठी अनुवादांत ‘नुकसानभरपाईची हमी’ हा शब्दप्रयोग इतका रुळला आहे की तो वाचताना कोणी थबकत नाही. इंडेम्निटीच्या कलमाचा अनुवाद बहुधा याच शब्दांत केला जातो आणि लगेच खालच्या कलमात गॅरंटीसाठीही ‘हमी’ हाच शब्द येतो. परिणामी भारतीय करार कायदा, १८७२ याने वेगवेगळ्या कलमांत व्याख्या केलेल्या दोन संविदा मराठी मसुद्यात एकाच जातीच्या दिसू लागतात. बोलताना ‘हमी’ म्हणजे कोणताही भरवसा. मालाच्या दर्जाची हमी, वेळेवर पोहोचवण्याची हमी, कार्यालयात दिलेले हमीपत्र, सगळ्यांना हा शब्द चालतो. करारात मात्र त्याचा हा ऐसपैसपणा महागात पडतो.

कायद्याच्या कलम १२४ नुसार वचन देणाऱ्याच्या स्वतःच्या किंवा दुसऱ्या कोणाच्याही वर्तनामुळे होणाऱ्या हानीपासून समोरच्या पक्षाला वाचवण्याचे वचन म्हणजे इंडेम्निटी. कलम १२६ नुसार तिसऱ्या व्यक्तीने कसूर केल्यास तिचे वचन पार पाडण्याची किंवा तिचे दायित्व फेडण्याची संविदा म्हणजे गॅरंटी. इंडेम्निटीतले दायित्व वचन देणाऱ्याचे स्वतःचे आणि मूळचे असते. गॅरंटीतले दायित्व दुसऱ्याच्या दायित्वाला टेकून उभे असते. अनुवादात टिकवायचा आहे तो हा भेद, आणि तो केवळ दोन वेगळी नामे वापरून टिकत नाही, असा माझा अनुभव आहे.

एका कराराची दोन कलमे

समजा, एक पुरवठादार एका वितरक कंपनीला यंत्रे उधारीवर देतो. उधारीची मुदत ४५ दिवसांची आहे आणि कंपनीचे एक संचालक व्यक्तिशः वीस लाख रुपयांपर्यंत गॅरंटी देतात. मूळ इंग्रजी करारात कलम ११ इंडेम्निटीचे आहे : वितरकाने यंत्राची जोडणी सदोष केली आणि ग्राहकाने पुरवठादारावर दावा लावला, तर त्याची झळ पुरवठादाराला लागू द्यायची नाही. कलम १२ संचालकांच्या गॅरंटीचे आहे. अनुवाद असा झाला :

‘११. ग्राहकांच्या दाव्यांबाबत वितरक पुरवठादारास नुकसानभरपाईची हमी देत आहे. १२. मालाच्या रकमेबाबत संचालक पुरवठादारास हमी देत आहेत व पुरवठादाराचे होणारे नुकसान भरून देतील.’

वाचायला हा अनुवाद सुबोध आहे, पण दोन्ही कलमे बिघडली आहेत. कलम ११ मध्ये वितरक नेमका कशाला बांधला गेला, हे सांगणारे क्रियापदच नाही. कलम १२ मधले ‘नुकसान भरून देतील’ हे शब्द मुळात नव्हतेच. वाक्य तुटक वाटले म्हणून अनुवादकाने ते जोडले आणि गॅरंटीच्या कलमात इंडेम्निटीसारखे दुसरे वचन शिरले.

पुढे पुरवठादार आणि वितरक यांनी संचालकांना न विचारता उधारीची मुदत ४५ वरून ९० दिवसांवर नेली. त्यानंतर पाठवलेल्या मालाचे अठरा लाख रुपये थकले. संचालक म्हणतात की आपण हमीदार आहोत, आणि कलम १३३ प्रमाणे धनको व मूळ ऋणको यांनी हमीदाराच्या संमतीविना कराराच्या अटी बदलल्या, तर त्या बदलानंतरच्या व्यवहारांपुरता हमीदार मुक्त होतो. (हमीदाराने अशा बदलाला आधीच संमती देऊन ठेवली असेल, तर गोष्ट वेगळी.) पुरवठादार मात्र ‘नुकसान भरून देतील’ या शब्दांवर बोट ठेवतो आणि म्हणतो की हे स्वतंत्र वचन आहे; कलम १३३ हमीदाराला संरक्षण देते, क्षतिपूर्ती करणाऱ्याला नव्हे. इंग्रजी आणि मराठी पाठांत विसंगती आढळल्यास इंग्रजी पाठ ग्राह्य धरावा, असे कलम करारात असेल तर वाद लवकर मिटू शकेल. सह्या केवळ मराठी पाठावर असतील तर अनुवादकाने वाक्य गुळगुळीत करण्यासाठी घातलेले तीन शब्द अठरा लाखांच्या वादाचे मूळ ठरतील.

वाक्याची घडण आधी, नाम नंतर

या बाबतीत मराठीचे व्याकरणच आपल्या मदतीला येते. इंडेम्निटीच्या वाक्यात ‘हानीपासून’ असे ‘पासून’ हे शब्दयोगी अव्यय आणि वाचवणे, सुरक्षित राखणे असे क्रियापद स्वाभाविकपणे येते. गॅरंटीच्या वाक्यात तिसऱ्याचे कर्तृत्व नकारार्थी अटीत येते : ‘अमक्याने न दिल्यास’. ही घडण पाळली की नामाविषयी मतभेद असले तरी अर्थ निसटत नाही. वरची कलमे मी अशी लिहीन :

‘११. वितरकाने केलेल्या सदोष जोडणीमुळे कोणत्याही ग्राहकाने पुरवठादाराविरुद्ध दावा केल्यास, त्या दाव्यातून उद्भवणारी हानी, दायित्व व खर्च यांपासून वितरक पुरवठादाराला सुरक्षित राखील आणि त्याची क्षतिपूर्ती करील.

१२. या कराराखाली पुरवलेल्या मालाची देय रक्कम वितरकाने मुदतीत न दिल्यास, ती रक्कम संचालक हमीदार या नात्याने पुरवठादाराला देतील. हे दायित्व वीस लाख रुपयांपर्यंत मर्यादित राहील.’

कलम ११ मध्येही ‘केल्यास’ आहे, हे चाणाक्ष वाचकाच्या लक्षात येईल. मात्र तिथली अट ग्राहकाने दावा करण्याची आहे, कोणी देणे चुकवण्याची नाही. म्हणूनच ‘दोन पक्ष असतील तर इंडेम्निटी, तीन असतील तर गॅरंटी’ हा सोपा नियम फसवा आहे. कलम १२४ मध्येच ‘दुसऱ्या कोणाच्याही वर्तनामुळे’ असे आहे. तेव्हा तिसरा माणूस इंडेम्निटीतही डोकावतो. याहून भरवशाची कसोटी म्हणजे वाक्यातून तिसऱ्याचे देणे काढून पाहणे. ते काढल्यावरही वचनाला अर्थ उरत असेल तर ती बहुधा इंडेम्निटी आहे. वचन अधांतरी लोंबकळत असेल तर ती गॅरंटी आहे.

नामांच्या बाबतीत माझा आग्रह इतकाच की एका करारात एक शब्द एकाच संकल्पनेसाठी राखून ठेवावा. इंडेम्निटीसाठी ‘क्षतिपूर्ती’ किंवा ‘हानिरक्षण’, गॅरंटीसाठी ‘हमी’, आणि करारभंगाबद्दल कलम ७३ खाली मिळते तिच्यासाठी ‘नुकसानभरपाई’. पक्षांसाठी ‘धनको’, ‘मूळ ऋणको’ आणि ‘हमीदार’ हे शब्द केवळ गॅरंटीच्या कलमांत वापरावेत. ‘जामीन’ हा शब्दही बरोबर आहे, पण त्याला फौजदारी जामिनाचा वास येतो म्हणून मी तो टाळतो. मालाच्या दर्जाविषयीच्या गॅरंटीला कलम १२६ मधली हमी म्हणता येत नाही, कारण तिथे तिसऱ्या कोणाचे देणेच नसते. तिला ‘वॉरंटी’ किंवा ‘दर्जाची ग्वाही’ म्हणावे.

‘भरून देणे’ आणि ‘वसूल न झाल्यास’

आणखी दोन चुका अशा आहेत की त्यांत शब्द वेगळे ठेवूनही अर्थ बदलतो. पहिली इंडेम्निटीतली. ‘क्षतिपूर्ती’ हा शब्द आधी क्षती आणि मग पूर्ती असा क्रम सुचवतो. त्या ओघात अनुवादक लिहून जातो : ‘पुरवठादाराला नुकसान सोसावे लागल्यानंतर वितरक ते भरून देईल.’ मुळात नसलेली ही ‘नंतर’ची अट घातक आहे. मुंबई उच्च न्यायालयाने १९४२ मध्ये गजानन मोरेश्वर परेळकर विरुद्ध मोरेश्वर मदन मंत्री या खटल्यात असा निर्णय दिला की क्षतिपूर्ती मिळणाऱ्या व्यक्तीवरचे दायित्व निश्चित झाले असेल, तर तिने प्रत्यक्ष पैसे मोजण्याआधीच तिला त्या दायित्वातून सोडवण्यास दुसऱ्या पक्षाला सांगता येते. अनुवादातल्या एका क्रियाविशेषणाने हा हक्क हिरावला जाऊ शकतो. म्हणूनच ‘हानिरक्षण’ हा शब्द कानाला परका वाटला तरी कलम १२४ च्या आशयाला अधिक जवळचा आहे, आणि ‘क्षतिपूर्ती’ वापरायची असेल तर वरच्याप्रमाणे ‘सुरक्षित राखील’ हे क्रियापद तिच्या जोडीला ठेवावे.

दुसरी चूक गॅरंटीतली. ‘वितरकाने रक्कम न दिल्यास’ याऐवजी ‘वितरकाकडून रक्कम वसूल न झाल्यास’ असे लिहिले जाते. पहिल्या वाक्यात देय तारीख उलटली की हमीदाराचे दायित्व जागे होते. दुसऱ्यात पुरवठादाराने आधी वितरकामागे धावावे, वसुलीचे प्रयत्न हरले की मगच संचालकांकडे यावे, असे सूचित होते. कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळे ठरले नसेल तर हमीदाराचे दायित्व मूळ ऋणकोइतकेच विस्तृत असते. बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की धनकोला आधी मूळ ऋणकोविरुद्धचे सर्व उपाय संपवण्याची सक्ती करता येत नाही. अनुवादात ‘वसूल’ शब्द आला की ‘करारात वेगळे ठरले आहे’ असे म्हणायला हमीदाराला जागा मिळते.

जेव्हा दोन्ही शब्द मुद्दाम एकत्र येतात

इंग्रजी मसुद्यांत समानार्थी शब्दांच्या जोड्या लावण्याची खोड आहे. त्या जोड्यांचा अनुवाद एकाच शब्दाने करायला अनुवादक शिकलेला असतो आणि अनेकदा ते योग्यही असते. मात्र ‘गॅरंटी अँड इंडेम्निटी’ ही तसली जोडी नव्हे. मूळ कर्जाचा करारच काही कारणाने अवैध ठरला तर त्याला टेकलेली हमीही कोसळण्याचा धोका असतो. अशा वेळी स्वतंत्र क्षतिपूर्ती उभी राहावी म्हणून मसुदाकार दोन्ही वचने जाणूनबुजून घेतो. ‘हमी देत आहेत’ एवढ्यावर भागवल्यास धनकोचा हा दुसरा आधार मराठी पाठातून गायब होतो. अशा ठिकाणी दोन स्वतंत्र वाक्ये लिहावीत आणि दुसऱ्याची सुरुवात ‘वरील हमीव्यतिरिक्त आणि तिच्यापासून स्वतंत्रपणे’ अशी करावी.

उलट दिशेनेही सावध राहायला हवे. हमीपत्रात ‘क्षतिपूर्ती’ दिसली की ती चूक समजून तिथे ‘हमी’ घालणारे तपासनीस मी पाहिले आहेत. कलम १४५ प्रमाणे प्रत्येक हमीच्या संविदेत मूळ ऋणकोने हमीदाराची क्षतिपूर्ती करण्याचे वचन गर्भित असते, आणि पुष्कळ मसुदे ते उघडपणे लिहितात. तिथे वचन देणारा वितरक असतो आणि लाभ संचालकांचा. दुरुस्तीसाठी लेखणी उचलण्यापूर्वी वाक्यात कोण कोणाला वाचवतो आहे, एवढे पाहून घ्यावे.