डबा बंद करताना: आधी खाडे, मग पैसे

माझी आत्या रत्नागिरीत मारुती मंदिराच्या बाजूला डबे देते आणि महिनाअखेरीला तिची वही मी बघते. डबा बंद केला म्हणून कुणाशी वाकडं आलंय असं फारसं होत नाही. बदली, लग्न, बायको राहायला आली, कॉलेज संपलं, ही कारणं तिला पाठ आहेत. वाकडं येतं ते दोनच गोष्टींवरून. एक म्हणजे आदल्या रात्री आलेला ‘उद्यापासून डबा नको’ हा मेसेज, आणि दुसरी म्हणजे शेवटच्या दिवशी दारात उभं राहून खाड्यांवरून घातलेला वाद. दोन्ही टाळता येतात, फक्त तयारी शेवटच्या आठवड्याच्या आधी सुरू करावी लागते.

पहिलं काम म्हणजे सांगणं, आणि ते डबा आणणाऱ्या पोराला नाही, प्रत्यक्ष काकूंना. पोराला सांगितलेलं निम्म्या वेळा स्वयंपाकघरापर्यंत पोचतच नाही. फोन दुपारी तीन-साडेतीनच्या सुमारास करावा. सकाळी आठला चार शेगड्यांवर आमटी, भाजी, भात नि पोळ्या असतात. तेव्हा त्या ‘बरं बरं’ म्हणतात आणि विसरतात. किती दिवस आधी सांगायचं? बहुतेक ठिकाणी आठ दिवस चालतात, पण पंधरा दिले तर चांगलं. तांदूळ, डाळ, तेल महिन्याचं एकदम भरलेलं असतं, आणि एक डबा कमी झाला म्हणून शेगडी काही कमी वेळ जळत नाही.

कोकणात यात आणखी एक गोष्ट धरावी लागते. मे महिन्यात आगोटीची खरेदी होते: तांदूळ, कडधान्य, कोकम, सोडे, सुकट, सुके बोंबील. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, त्यामुळे त्या दोन महिन्यांत डब्यातलं मासळीचं जेवण बरंचसं या सुक्या मासळीवर चालतं. ही खरेदी डोकी मोजून होते. म्हणून जूनमध्ये जायचं पक्कं असेल तर ते मेच्या पहिल्या आठवड्यातच सांगून टाकावं. बदलीची ऑर्डर हातात यायची असली तरी ‘बहुतेक जाईन’ एवढं सांगायला हरकत नाही. आत्याला ‘बहुतेक’सुद्धा पुरतं, ती सुकट थोडी कमी घेते.

सांगताना तारखेबरोबर वेळही सांगायची. ‘अठरापर्यंत’ म्हटलं की अठराचा डबा धरायचा की नाही, यावर दोन मतं होतात. ‘काकू, १८ तारखेचा रात्रीचा डबा शेवटचा’ असं म्हणावं आणि फोन ठेवल्यावर तेच वाक्य मेसेजमध्ये टाकून ठेवावं. गणपतीला गावी जाणाऱ्यांचा घोळ वेगळाच असतो. ते ‘डबा बंद ठेवा’ म्हणतात आणि त्यांच्या मनात असतात दहा दिवसांचे खाडे. इकडे काकू ती जागा दुसऱ्या गिऱ्हाइकाला देऊन मोकळ्या होतात. परत यायचं असेल तर ‘सुट्टी’ म्हणा, यायचं नसेल तरच ‘बंद’.

कारण विचारलं जाणारच. ‘काय रे, जेवण आवडेना काय?’ हा प्रश्न आत्या प्रत्येकाला विचारते, बदली झालेल्यालासुद्धा. खरं कारण जेवणाचंच असेल, आमटी पातळ होते किंवा भात गार येतो, तर ते तेव्हाच फोनवर सांगून मोकळं व्हावं. हिशोबाच्या दिवसासाठी ते राखून ठेवू नये. पैसे देताना काढलेली तक्रार पैसे कमी करून घ्यायला काढल्यासारखीच ऐकू येते.

आता खाडे. सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा, आणि ‘किती झाले?’ असा पैशाचा प्रश्न विचारण्याआधी द्यावा. एकदा वहीत आकडा लिहिला गेला की प्रत्येक दुरुस्ती घासाघीस वाटते. त्याआधी नुसत्या तारखा जुळवल्या तर दोघंही आठवत बसतात, भांडत नाहीत. आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर फुल्या असतील तर त्याचा फोटो काढून पाठवावा आणि वहीतल्या तारखा मागवून घ्याव्यात. फुल्या नसतील तर बसचं तिकीट, रजेचा अर्ज आणि काकूंना पाठवलेले ‘आज डबा नको’चे जुने मेसेज पुरतात.

एक हिशोब सबंध मांडून दाखवते. दोन वेळचा डबा, महिना संपल्यावर पैसे, दर ३,९०० रुपये, रविवारी रात्री स्वयंपाकघराला सुट्टी. महिना ३० दिवसांचा, रविवार ५, १२, १९ आणि २६ तारखेला. शेवटचा डबा १८ला, शनिवारी रात्री. डबा सोडणाऱ्या मुलाच्या कॅलेंडरवर सात खाडे, आत्याच्या वहीत पाच. मुलगा १०ला, शुक्रवारी संध्याकाळी गावी गेला आणि सोमवारी दुपारनंतर आला. शुक्रवार रात्र एक, शनिवारचे दोन, रविवार दुपार एक, सोमवार दुपार एक, असे पाच. त्याने रविवार रात्रही मोजली होती, पण त्या रात्री डबा कुणालाच नसतो. सातवा खाडा ८ तारखेच्या दुपारचा. त्या दिवशी ऑफिसात ट्रेनिंगचं जेवण होतं, ते त्याने साडेअकराला कळवलं. तोवर डबा भरून पिशवीत गेला होता. भरलेला डबा खाड्यात धरत नाहीत. दुपारच्या डब्यासाठी आदल्या रात्री आणि रात्रीच्या डब्यासाठी दुपारी दोनच्या आत कळवायचं, असा आमच्याकडे रिवाज आहे. तुमच्याकडे काय आहे ते विचारून घ्या, कारण वादातले बहुतेक खाडे या दोन जातींचेच निघतात: सुट्टीच्या दिवशी मोजलेले आणि उशिरा कळवलेले.

खाडे पाचावर जुळले की दर. महिना अर्धवट सोडताना इथे तीन रस्ते निघतात. पहिला, डब्याप्रमाणे. ३० दिवसांचे ६० डबे, त्यातून रविवारच्या चार रात्री वजा केल्या की ५६. ३,९०० ला ५६ ने भागलं की डबा जवळजवळ ७० रुपयांना पडतो. १८ दिवसांचे ३६, त्यातून दोन रविवार रात्री वजा, राहिले ३४, पाच खाडे गेले, राहिले २९. त्याचे २,०३० रुपये. दुसरा, दिवसाप्रमाणे. दिवसाला १३० धरून १८ दिवसांचे २,३४०, त्यातून पाच खाडे ६५ च्या दराने ३२५ वजा, म्हणजे २,०१५. दोन्हींत फरक पंधरा रुपयांचा. घरी दोन्ही रीतींनी करून बघावं, आणि फरक एवढाच असेल तर काकू जो सांगतील तो मान्य करावा. पंधरा रुपयांसाठी भागाकार समजावून सांगणारे लोक मी पाहिले आहेत, आणि आत्याच्या चेहऱ्यावरचं हसूही पाहिलंय.

तिसरा रस्ता मात्र आधीच विचारून ठेवावा. काहीजणी म्हणतात, महिना पूर्ण नाही, म्हणून सुट्या डब्याचा दर. सुटा डबा ८० चा धरला तर २९ डब्यांचे २,३२० होतात, म्हणजे २९० रुपये जास्त. त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही, महिन्याचा दर महिनाभराच्या गिऱ्हाइकासाठी असतो. पण पंधरा दिवस आधी कळवलं असेल तर महिन्याचाच दर लावा असं म्हणायला तोंड राहतं. ते पहिल्या फोनमध्येच विचारावं: ‘काकू, अर्ध्या महिन्याचा हिशोब कसा धरता?’

जादा घेतलेलं आपण होऊन सांगावं. बुधवार-शुक्रवारचा बांगडा डब्यातच येतो, पण सुरमईचा तुकडा जादा लावलेला असतो आणि तो वहीत दुसऱ्याच पानावर असतो. वरच्या हिशोबातल्या मुलाचे सुरमईचे दोन तुकडे, ६० प्रमाणे १२०, आणि मित्र आला तेव्हाचा एक जादा डबा ८० रुपयांचा. म्हणजे २,०३० अधिक २००, एकूण २,२३०. यातला सुरमईचा एक तुकडा आत्या विसरली होती आणि त्याने आठवण करून दिली. त्याच्यानंतर त्याच ऑफिसातून आलेल्या मुलाकडून तिने डिपॉझिटच घेतलं नाही.

डिपॉझिटवरून आठवलं. बहुतेकांनी सुरुवातीला डब्यांसाठी ५०० रुपये ठेवलेले असतात आणि जाताना ते बिलातून वळते करून १,७३० द्यायचा मोह होतो. तसं करू नये. बिल पूर्ण द्यावं, भांडी मोजून द्यावीत आणि मग ५०० परत घ्यावेत. वळते केले की भांडी मोजायची राहतात, आणि आठवड्याने फोन येतो की मधल्या पुडाचं झाकण दिसत नाही. प्रत्येकाकडे दोन डबे फिरत असतात, एक भरलेला येतो, एक रिकामा जातो. झाकणांवर नाव कोरलेलं असतं ते बघावं. शेजाऱ्याचं झाकण आपल्या डब्याला बसलेलं असणं ही इथली नेहमीची गोष्ट. सोलकढीची बाटली हमखास फ्रिजच्या दारात राहते. काही हरवलंच असेल तर बाजारातून दुसरं आणून देण्यापेक्षा किंमत विचारून पैसे द्यावेत, कारण डब्यांची मापं जुळत नाहीत.

पैसे शेवटच्या डब्याच्या आदल्या दिवशी द्यावेत. निघायच्या दिवशी सामान, रिक्षा आणि घरमालक यांत हिशोब होत नाही. फोनवरून पाठवत असाल तर कुणाचं नाव दिसायला हवं ते आधी विचारावं, पुष्कळदा खातं मुलाच्या नाहीतर सुनेच्या नावावर असतं. सोबतच्या टिपेत ‘एप्रिल डबा, १८ पर्यंत, पूर्ण’ असं लिहावं. रोख देत असाल तर वहीत आपल्या नावापुढे ‘पूर्ण’ लिहून घ्यावं. संकोच वाटायचं कारण नाही, आत्या तर स्वतःच वही पुढे करते. एका खोलीत तिघं असतील आणि नाव एकाचंच असेल, तर जाणाऱ्याने आपला वाटा वेगळा लिहून घ्यावा, नाहीतर मागे राहिलेल्या दोघांच्या बिलात तो महिनाभर चिकटून राहतो.

जागेवर कुणी नवीन येणार असेल तर त्याचा नंबर काकूंना द्या, पण त्याला विचारून. डबा आणणाऱ्या पोराला काही द्यायचं असेल तर त्याच्या हातात द्या, बिलात मिळवून नको. तिथून ते त्याच्यापर्यंत पोचतंच असं नाही.

राहता राहिला शेवटच्या रात्रीचा डबा. रिकामा डबा एरवी दुसऱ्या दिवशीच्या फेरीत जातो, आणि आता दुसऱ्या दिवशी फेरीच नाही. म्हणून त्या रात्री ताट-वाट्या आधीच काढून ठेवाव्यात, पोराला दोन मिनिटं थांबवून जेवण त्यात ओतून घ्यावं आणि दोन्ही डबे, सगळी झाकणं नि सोलकढीची बाटली त्याच्याच पिशवीत घालून द्यावी. किती नग दिले ते काकूंना लगेच मेसेज करावं. डिपॉझिट तेवढ्यावर परत येतं.