भूमिती कच्ची नव्हती: निकालाच्या स्क्रीनशॉटमधले सेकंद कसे वाचावेत

ऑनलाइन सराव परीक्षेचा निकाल लागला की मी आधी विषयवार टक्के बघायचो आणि सगळ्यात कमी टक्क्यांचा घटक घेऊन बसायचो. एका गणिताच्या चाचणीने माझी ही सवय मोडली. २५ प्रश्न, ३० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला सरासरी ७२ सेकंद. निकालात भूमितीसमोर लाल रंगात २० टक्के होते, तर तक्त्यांवरच्या प्रश्नांसमोर हिरव्या रंगात ८० टक्के. साहजिकच मी भूमितीचं पुस्तक उघडणार होतो. त्याआधी सहज स्क्रीनशॉटमधला वेळेचा रकाना पाहिला.

भूमितीचे प्रश्न २१ ते २५, म्हणजे पेपरच्या अगदी शेवटी. २१वा ४८ सेकंदांत बरोबर. २२व्यावर ७२ सेकंद गेले आणि घड्याळ संपलं. उरलेल्या तिघांसमोर शून्य सेकंद. म्हणजे ते प्रश्न मी पाहिलेच नव्हते! निकालाचं पान मात्र न पाहिलेला आणि पाहून सोडलेला, दोन्ही प्रश्न ‘सोडले’ याच नावाखाली टाकतं. दोघांतला फरक फक्त सेकंद सांगतात. घड्याळ न लावता २२ ते २५ हे चारही प्रश्न सोडवले, तेव्हा तीन बरोबर आले.

मग वेळ गेला कुठे? १२ ते १६ हे पाच प्रश्न एकाच तक्त्यावर होते. पहिल्याला २६० सेकंद, पुढच्या चौघांना ९५, ११०, १०५ आणि १२०. बेरीज ६९०. पाच प्रश्नांचा वाटा ३६० सेकंदांचा, म्हणजे ३३० सेकंद जास्त. भूमितीचे न पाहिलेले तीन प्रश्न त्यात आरामात बसले असते. इथे नवीन माणूस एक चूक हमखास करतो: २६० सेकंद पाहून १२वा प्रश्न अवघड होता असं ठरवतो. तक्ता वाचायला लागलेला सगळा वेळ पहिल्याच प्रश्नावर चढतो, म्हणून असा संच नेहमी एकत्र मोजावा. पण माझे पुढचे चार प्रश्नही ७२च्या वरच होते, तेव्हा दोष नुसत्या वाचनाचा नव्हता. कच्च्या कामाचा कागद काढला तर उत्तर सापडलं. पर्याय होते १८, २४, ३१ आणि ४० टक्के, आणि मी भागाकार दशांशानंतर तीन स्थळांपर्यंत नेला होता. अंदाजाने काम भागलं असतं. हा कागद कधीच टाकू नका. स्क्रीनशॉट वेळ कुठे गेला ते सांगतो, का गेला ते या कागदावर असतं.

खरा कच्चा घटक काळ-काम निघाला. चार प्रश्न, ३९० सेकंद, एकच बरोबर. त्यातला १८वा १७० सेकंद झुंजून सोडला होता. घड्याळ बंद करून पुन्हा बसलो तरी तो आलाच नाही. दोघांनी काम सुरू केलं आणि एक मधेच निघून गेला, अशा गणितात मी उरलेलं कामही दोघांच्या वेगाने मोजत होतो. सावकाश सोडवूनही चुकतंय, तर समजच कच्ची आहे. तिथे आधी मूळ पद्धत नीट शिकावी लागते. सावकाश बरोबर येतंय, तर वेगाचा सराव पुरतो. ही पुन्हा सोडवण्याची पायरी मी आता कधीच गाळत नाही.

स्क्रीनशॉट घेताना एकूण गुणांच्या पानावर थांबू नका. प्रश्नवार वेळेचं पान शेवटपर्यंत सरकवून घ्या, नाहीतर खालचे प्रश्न कापले जातात आणि बहुतेकदा हवे असतात ते तेच. मग आकडे शीटमध्ये उतरवा: प्रश्न क्रमांक, घटक, निकाल, सेकंद. वेळ 1:25 असा लिहिलात तर शीट त्याला एक तास पंचवीस मिनिटं समजते, म्हणून सरळ 85 लिहा. घटक दुसऱ्या आणि सेकंद चौथ्या रकान्यात असतील तर एका घटकाची बेरीज अशी:

```
=SUMIF(B:B,"तक्ते",D:D)
```

अंदाजाने ठोकलेलं उत्तर बरोबर आलं तर निकाल त्यालाही हिरवाच रंग देतो. म्हणून अंदाज केला की मी कच्च्या कागदावर त्या क्रमांकाशेजारी टिंब देतो आणि शीटमध्ये तो प्रश्न बरोबर धरत नाही. आणखी एक, एका चाचणीत घटकाचे चार-पाचच प्रश्न येतात, तेवढ्यावरून शिक्का मारू नका. मी तीन चाचण्यांचे आकडे एकत्र करून मगच घटक कच्चा ठरवतो. काळ-काम मात्र पुन्हा सोडवतानाच उघडं पडलं होतं, त्याला थांबायची गरज नव्हती.

पुढच्या चाचणीत दोनच बदल केले: तक्त्यांचा संच सगळ्यात शेवटी घेतला आणि ९० सेकंदांत वाट दिसली नाही तर प्रश्न सोडला. भूमितीचे पाचही प्रश्न पाहून झाले, त्यातले तीन बरोबर आले. या वेळी शून्य सेकंद तक्त्याच्या शेवटच्या प्रश्नासमोर होते.