तारीख एक दिवस मागे दिसते म्हणून +1 लावू नका

लॅपटॉपवर रिपोर्ट बरोबर असतो. पब्लिश करून शेड्यूल्ड रिफ्रेश लावला की 'कालची विक्री' या नावाखाली परवाचे आकडे येतात. पॉवर बीआय डेस्कटॉपमध्ये TODAY() तुमच्या मशीनची वेळ धरतं, क्लाउडवर मात्र यूटीसी. भारतीय वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे आहे, त्यामुळे आपल्याकडे पहाटेचे ५:३० वाजेपर्यंत सर्व्हरवर आदलीच तारीख असते.

यावर लोक तारखेत सरळ एक दिवस मिळवतात. या चुकीचा मला मनापासून वैताग आहे, कारण ती अर्धा दिवस बरोबर दिसते.

एका ग्राहकाकडे रिफ्रेश पहाटे चारला लागायचा. १४ तारखेला पहाटे ४ वाजता यूटीसीमध्ये १३ तारखेचे रात्रीचे १०:३० झालेले असतात, म्हणून 'काल' म्हणजे १२ तारीख ठरायची. ही खूण कॅल्क्युलेटेड कॉलममध्ये होती. असा कॉलम रिफ्रेशच्या वेळी एकदाच मोजला जातो आणि पुढच्या रिफ्रेशपर्यंत तसाच राहतो. शेजारच्या कार्डात मेजर होतं. ते पाहताना मोजलं जातं, म्हणून सकाळी ऑफिस उघडेपर्यंत ते बरोबर झालेलं असायचं. एकाच पानावर दोन वेगळे 'काल'! दुपारी कुणी हाताने रिफ्रेश केलं की दोन्ही जुळायचे, त्यामुळे सगळ्यांनी दोष रिफ्रेशला दिला. मग एकाने घाईत कॉलममध्ये +1 घातला. सकाळचा आकडा सुधारला, पण दुपारच्या रिफ्रेशनंतर आजची अर्धवट विक्री 'काल' म्हणून दिसू लागली आणि ती तशीच वरिष्ठांकडे गेली.

रिफ्रेशची वेळ सहानंतर ढकलणं हाही उपाय नव्हे. पुढे कुणीतरी ती परत अलीकडे आणतंच.

मी 'आज' पॉवर क्वेरीत एकदाच ठरवते आणि सगळीकडे तोच वापरते:

```
DateTime.Date(DateTimeZone.SwitchZone(DateTimeZone.UtcNow(), 5, 30))
```

LocalNow() इथे चालत नाही, सर्व्हरवर तेही यूटीसीच देतं. जिथे उन्हाळ्यात घड्याळ पुढे करतात, तिथे ठरावीक तासांचा हा फरकही पुरत नाही.

मूळ नोंदींच्याच तारखा सरकल्या असतील तर तासानुसार मोजणी करा. फक्त रात्री १२ ते पहाटे ५:३० च्या नोंदी मागच्या दिवसात गेल्या असतील, तर रूपांतर झालेलंच नाही. संध्याकाळी ६:३० नंतरच्या नोंदी पुढच्या दिवसात गेल्या असतील, तर साडेपाच तास दोनदा मिळवलेत, बहुधा एकदा क्वेरीत आणि एकदा रिपोर्टमध्ये. त्यातला रिपोर्टमधला काढा.